राखेच्या विटेची ताकद आणि तक्त्यातले आकडे

स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचे विषय ठरायला लागले की एखादा तरी गट फ्लाय ॲशच्या विटेवर येऊन थांबतो. विषय परवडणारा आहे. राख फारसा खर्च न करता मिळते, विटा दाबून फोडायचं यंत्र, म्हणजे सीटीएम, कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतंच, आणि शेवटी अहवालात टाकायला एक देखणा तक्ता तयार होतो. सिमेंट ६, ८ आणि १० टक्के. राख ५०, ६० आणि ७० टक्के. क्युअरिंग ७, १४ आणि २८ दिवस. प्रत्येक चौकटीत ताकदीचा एक आकडा. खाली निष्कर्ष असा, की सिमेंट वाढवलं तर ताकद वाढते, राख वाढवली तर घटते, आणि जास्त दिवस पाणी मारलं तर वाढते.

यातलं एकही वाक्य ढोबळमानाने चूक नाही. पण एवढंच सांगायचं असेल तर विटा पाडायची गरज नव्हती, वीट कारखान्यावरच्या मुकादमाने ते उभ्या उभ्या सांगितलं असतं. प्रयोग करायचा तो पुढच्या प्रश्नांसाठी. ताकद किती वाढते? कशामुळे वाढते? आणि तक्त्यात दिसणारा फरक खरोखर सिमेंटमुळे पडला, की राख ओली होती, साचा नीट भरला नव्हता, यंत्राचा दांडा जोरात मारला म्हणून पडला? हे प्रश्न विद्यार्थ्यांइतकेच घर बांधायला निघालेल्या माणसाच्याही कामाचे आहेत, कारण कारखान्यातून मिळणारा चाचणी अहवाल याच पद्धतीने तयार झालेला असतो.

आधी राखेबद्दल. आपल्याकडच्या दगडी कोळशात राखेचं प्रमाण मोठं, साधारण तीस ते चाळीस टक्के. म्हणजे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी किंवा भुसावळच्या औष्णिक केंद्रात एक टन कोळसा जळाला की तीन-चारशे किलो राख मागे उरते. तिचा बराचसा भाग पिठासारखा बारीक असतो आणि धुराबरोबर वर जाताना विद्युतभारित पत्र्यांच्या यंत्रणेत अडकवला जातो. हीच फ्लाय ॲश. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या गोल मण्यांसारखे दिसतात, आणि ते बहुतांशी खरोखरच काच असतात, सिलिका आणि ॲल्युमिनाची. आपली राख कमी चुन्याच्या प्रकारातली. ती नुसत्या पाण्यात भिजवली तर चिखल होतो, दगड होत नाही. तिला चुना लागतो.

चुना येतो सिमेंटमधून. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे कण एकमेकांना चिकटवणारा कॅल्शियम सिलिकेटचा गोंद, ज्याच्यामुळे काँक्रीटला ताकद येते. दुसरा मोकळा चुना, जो ताकदीच्या दृष्टीने जवळजवळ बिनकामाचा. राखेतली काचमय सिलिका या बिनकामाच्या चुन्याला धरते आणि ओलाव्यात, सावकाश, त्याचा आणखी गोंद बनवते. राखेची वीट सावकाश का पिकते, याचं उत्तर या दुसऱ्या पायरीत आहे. पहिली पायरी काही दिवसांत बरीचशी उरकते, दुसरी आठवडेच काय, महिनेही चालू राहते. आणि ओलावा संपला की ती थांबते.

आता इथे एक साधा हिशेब करून पाहावा असा आहे, जो अशा अहवालांत सहसा सापडत नाही. शंभर किलो कोरड्या मालात ८ किलो सिमेंट आहे असं धरू. सिमेंटचं पूर्ण जलीकरण झालं तरी त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग एवढाच मोकळा चुना सुटतो, म्हणजे जेमतेम २ किलो. या दोन किलो चुन्याशी किती राख संयोग पावेल? फार तर काही किलो. आणि मिश्रणात राख आहे ६० किलो. उरलेली पन्नासहून अधिक किलो राख त्या विटेत काहीही रासायनिक काम करत नाही. ती बारीक भर म्हणून बसलेली असते, दगडाच्या चुरीतल्या मोकळ्या जागा भरते, वीट हलकी आणि गुळगुळीत करते, एवढंच. त्यामुळे 'राखेत पोझोलानिक गुण असल्याने राख वाढवल्यावर ताकद वाढली' असं वाक्य सिमेंट-राखेच्या विटेबद्दल कुणी लिहिलं, तर त्याला विचारावं की जास्तीच्या राखेला चुना कुठून मिळाला. ताकद खरोखर वाढली असेल तर ती बहुधा भर नीट बसल्यामुळे, वीट घट्ट झाल्यामुळे. राखेलाच कामाला लावायचं असेल तर वेगळा चुना घालावा लागतो. आपल्याकडे राख, चुना आणि जिप्समच्या विटांचा जो प्रकार रूढ झाला, तो याच गणितावर उभा आहे, आणि म्हणूनच राख-चुना विटेचं मानक आयएस १२८९४ आणि राख-सिमेंट विटेचं आयएस १६७२० अशी दोन वेगळी मानकं आहेत. अहवालात आपली वीट कुठल्या जातीची हे पहिल्या पानावर लिहिलेलं बरं.

याच हिशेबाचा दुसरा धागा सिमेंटच्या गोणीपर्यंत जातो. दुकानात मिळणारं सिमेंट बऱ्याचदा पीपीसी असतं, म्हणजे त्यात आधीच राख मिसळलेली असते. मानकानुसार ती १५ ते ३५ टक्के असू शकते. समजा ती ३० टक्के आहे. मग तुमच्या तक्त्यातल्या '८ टक्के सिमेंट'मध्ये खरं सिमेंट ५.६ टक्केच, बाकी २.४ टक्के राखच. दुसऱ्या गटाने ओपीसी ५३ वापरलं असेल तर त्यांचे ८ टक्के आणि तुमचे ८ टक्के वेगवेगळे झाले, आणि त्यांची वीट जास्त भरली तर त्यात नवल नाही. एवढी मेहनत करून प्रकार न लिहिता नुसतं 'सिमेंट' लिहिलं, तर तो तक्ता दुसऱ्या कुणालाच वापरता येत नाही.

मिश्रणाकडे वळू. वीट तीन कोरड्या गोष्टींची: सिमेंट, राख आणि दगडाची चुरी, जिला कारखान्यावर डस्ट म्हणतात. तिघांची बेरीज शंभर. ही बेरीज वाटते तितकी निरुपद्रवी नाही. सिमेंट ८ टक्क्यांवर ठेवून राख ५०, ६०, ७० केली, की डस्ट आपोआप ४२, ३२, २२ होते. म्हणजे आपण 'राख वाढवण्याचा परिणाम' पाहत नसतो, चुरीच्या जागी राख घालण्याचा परिणाम पाहत असतो. चुरीचे कण जाड, टोकदार, एकमेकांत अडकणारे. राखेचे कण बारीक आणि गोल. चुरी २२ टक्क्यांवर आली की विटेतला खडबडीत सांगाडाच विरळ होतो. ताकद घटली तर दोष राखेचा की चुरी कमी झाल्याचा, हे या प्रयोगातून वेगळं करता येतच नाही, आणि तसा आव आणू नये. काही गट याउलट सिमेंट कमी करून तितकी राख वाढवतात. तो पूर्णपणे वेगळा प्रयोग आहे, त्यात ताकद झपाट्याने पडते, आणि दोन्ही प्रकारचे आकडे एकाच आलेखावर टाकले की वाचणाऱ्याचा घोळ होतो. 'राख ७० टक्के' असं लिहिताना ती कुणाच्या जागी आली, हे लिहिलंच पाहिजे.

मग किती विटा पाडायच्या? तिन्ही गोष्टींच्या तीन-तीन पायऱ्या घेतल्या तर २७ चौकटी होतात, आणि प्रत्येकीला पाच विटा धरल्या तर १३५. तेवढ्या विटांची निगा चार विद्यार्थ्यांना सहसा झेपत नाही, शेवटी चौकटीत दोन-दोन विटांवर भागवलं जातं आणि तक्ता मोठा पण पोकळ होतो. त्यापेक्षा एक मधलं मिश्रण धरावं, सिमेंट ८, राख ६०, डस्ट ३२. मग फक्त सिमेंट खाली-वर करून दोन मिश्रणं, फक्त राख खाली-वर करून दोन. एकूण पाच मिश्रणं, तीन मुदती, प्रत्येकी पाच विटा. ७५ विटांत काम होतं आणि प्रत्येक आकड्यामागे पाच विटा उभ्या राहतात. सिमेंट आणि राख एकत्र बदलली तर काय होतं, हे या आखणीतून कळणार नाही, ते मान्य करावं.

एका मिश्रणाचं वजन करून पाहू. वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची, साधारण अडीच किलो कोरडा माल धरतो. ताकदीसाठी पंधरा आणि पाणी शोषण पाहायला पाच, अशा वीस विटा म्हणजे ५० किलो, आणि सांडलवंड धरून ५५ किलो. त्यात सिमेंट ४.४ किलो, राख ३३ किलो, डस्ट १७.६ किलो. मिसळायचं पाणी कोरड्या मालाच्या दहा टक्के धरलं तर साडेपाच लिटर. पाच मिश्रणांना मिळून सिमेंट २२ किलो लागेल, अर्ध्या गोणीपेक्षा कमी.

इथवर कागदावर सगळं ठीक. आता राख आणायला जा. केंद्रातल्या सायलोतून मिळाली तर ती कोरडी असते. पण तलावातली, म्हणजे पाण्यात कालवून बंधाऱ्यात सोडलेली राख आणली तर ती ओली आणि जाडसर असते, तिच्यात भट्टीच्या तळाची राखही मिसळलेली असते. वर कोरडी दिसली तरी आत हात घातला की गार लागते. समजा तिच्यात कोरड्या वजनाच्या १५ टक्के पाणी आहे. तर ३३ किलो कोरडी राख हवी असताना प्रत्यक्षात जवळपास ३८ किलो घ्यावी लागेल, आणि तिच्याबरोबर पाच लिटर पाणी आधीच आत येईल. म्हणजे मिसळायला ठेवलेलं साडेपाच लिटर पाणी जवळजवळ सगळं राखेतच आहे! हे न पाहता ३३ किलो ओली राख घमेल्यात मोजली आणि वर साडेपाच लिटर पाणी ओतलं, तर कोरडी राख २८.७ किलोच पडते, सिमेंटचं प्रमाण ८ वरून ८.७ टक्क्यांवर चढतं, राख ६० वरून साडेछप्पन्नवर उतरते, आणि पाणी ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. तक्त्यात मात्र ८ आणि ६० असंच छापलं जातं. यावर उपाय अवघड नाही: थोडी राख तोलून घ्यायची, रात्रभर ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवायची, पुन्हा तोलायची. राख काळपट दिसत असेल तर तिच्यात न जळलेला कोळसा जास्त आहे असं समजावं. असा कोळसा पाणी पितो आणि ताकदीला काही देत नाही. आयएस ३८१२ च्या पहिल्या भागात तापवल्यावर होणारी घट पाच टक्क्यांच्या आत हवी असं म्हटलंय, ते याचसाठी.

पाण्याबद्दल विद्यार्थ्यांच्या डोक्यात काँक्रीटचा नियम पक्का असतो: पाणी वाढलं की ताकद घटते. दाबून काढलेल्या विटेला तो नियम तसाच लावता येत नाही. आपल्या मिश्रणात शंभर किलोला ८ किलो सिमेंट आणि १० किलो पाणी आहे, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर १.२५. काँक्रीटच्या पुस्तकात हा आकडा दाखवला तर सर खडू फेकून मारतील. पण इथे पाण्याचं पहिलं काम कणांना घसरवून घट्ट बसवणं हे आहे. मातीच्या प्रॉक्टर चाचणीत जो डोंगरासारखा वक्र येतो, तसाच इथेही येतो. पाणी कमी असेल तर माल दाबला जात नाही, कडा ढासळतात, विटेत पोकळ्या राहतात. या बाजूला थोडं पाणी वाढवलं तर ताकद वाढते. शिखर ओलांडलं की दाबताना साच्याच्या फटीतून पाणी निथळतं, वीट साच्याला चिकटते आणि बाहेर काढल्यावर फुगते. कारखान्यावरची खूण सोपी: माल मुठीत आवळला की गोळा टिकावा, पण तळव्याला पाणी लागू नये. राख वाढली की हे शिखरच सरकतं, कारण बारीक कणांना जास्त पाणी लागतं. तेव्हा पाचही मिश्रणांना एकच दहा टक्के पाणी दिलं, तर ७० टक्के राखेची वीट कोरडी पडून कमी भरणार, आणि खापर राखेवर फुटणार. प्रत्येक मिश्रणाला त्याचं पाणी शोधून द्यावं आणि ते किती दिलं हे तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहावं.

वीट घट्ट बसली की नाही, हे ओळखायला महागडं काही लागत नाही. साच्यात टाकायचा माल दर वेळी तोलून घ्यावा आणि निघालेली प्रत्येक वीट तोलून, मापून तिच्यावर नंबर घालावा. एकाच मिश्रणाच्या दोन विटांच्या वजनात दहा टक्क्यांचा फरक असेल, तर त्यांच्या ताकदीतला फरक सिमेंटबद्दल काहीच सांगत नाही. हाताने ठोकून भरलेल्या आणि हायड्रॉलिक प्रेसवर काढलेल्या विटा एकाच तक्त्यात टाकू नयेत, हे वेगळं सांगायला नको.

आता क्युअरिंग. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि तो शब्दांत लपून बसतो. '७ दिवस क्युअरिंग' म्हणजे नेमकं काय केलं? वीट सात दिवस पाण्यात ठेवून सातव्या दिवशी फोडली, की सात दिवस पाणी मारून नंतर कोरडी ठेवली आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडली? पहिल्यात विटेचं वय बदलतं, दुसऱ्यात वय तेच राहून ओलाव्याचे दिवस बदलतात. कारखान्याला आणि घरमालकाला दुसऱ्याचं उत्तर हवं असतं: सात दिवसांनी पाणी बंद केलं तर पुढे काय गमावलं? बहुतेक प्रकल्प पहिला प्रयोग करतात आणि निष्कर्ष दुसऱ्याचा लिहितात. वेळ असेल तर मधल्या एकाच मिश्रणाच्या पाच विटा सात दिवसांनी पाण्यातून काढून सावलीत ठेवाव्यात आणि २८ व्या दिवशी बाकीच्यांबरोबर फोडाव्यात. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पातल्या सर्वांत उपयोगी पाच विटा त्याच ठरतील.

सात दिवसांच्या आकड्यावर भरवसा ठेवून मिश्रणं क्रमाला लावू नयेत. जास्त सिमेंटची वीट सुरुवातीला पुढे असते, जास्त राखेची मागे. पण दुसरी पायरी तेव्हा कुठे सुरू झालेली असते. २८ दिवसांनी अंतर कमी होऊ शकतं, ५६ दिवसांनी आणखी. हवामानही यात हात घालतं. राख आणि चुन्याचा संयोग थंडीत मंदावतो, त्यामुळे डिसेंबरात नागपूरच्या उघड्या टाकीत ठेवलेल्या विटा आणि मे महिन्यातल्या विटा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. मे महिन्यात वेगळीच अडचण: दुपारी मारलेलं पाणी थोड्याच वेळात उडून जातं. थप्पीवर पाइपने पाणी मारलं तर बाहेरच्या विटा भिजतात, आतल्या कोरड्याच राहतात. गोणपाट झाकून ओलं ठेवलं तर फरक पडतो. प्रयोगशाळेतल्या टाकीत बुडवलेली वीट ही एकूण सर्वांत लाडाने वाढवलेली वीट, तिचा आकडा बाजारातल्या विटेचा समजू नये.

शेवटची पायरी वीट फोडायची. त्यासाठी आयएस ३४९५ ची पद्धत वापरतात, आणि ती मुळात भट्टीत भाजलेल्या मातीच्या विटेसाठी लिहिलेली आहे. तिच्यात वीट आधी २४ तास पाण्यात भिजवायची, वरच्या तोंडावर खोबण असेल तर ती एकास एक सिमेंट-वाळूच्या मालाने भरायची, एक दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायची आणि मग तीन दिवस पाण्यात. असे एकूण पाच दिवस. भाजलेल्या विटेला या पाच दिवसांनी काही होत नाही, तिची ताकद भट्टीतच ठरलेली असते. पण सिमेंटच्या विटेसाठी हे पाच दिवस म्हणजे पाच दिवसांचं आयतं क्युअरिंग! सातव्या दिवशी तयारीला घेतलेली वीट प्रत्यक्षात बाराव्या दिवशी फुटते आणि तक्त्यात '७ दिवस' म्हणून नोंदली जाते. २८ दिवसांच्या विटेत या पाच दिवसांनी थोडाच फरक पडतो, ७ दिवसांच्या विटेत खूप. परिणामी दोन मुदतींमधली वाढ खऱ्यापेक्षा कमी दिसते. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे खोबण नसलेल्या साच्यात विटा पाडायच्या, फक्त २४ तासांचं भिजवणं ठरल्या मुदतीच्या आत बसवायचं आणि फोडल्याच्या दिवशीचं वय लिहायचं. भिजवणं मात्र टाळायचं नाही. कोरडी वीट ओल्या विटेपेक्षा जास्त भार घेते, आणि काही विटा कोरड्या, काही ओल्या फोडल्या तर सगळी तुलनाच बाद.

यंत्रात वीट आडवी ठेवतात, वर आणि खाली तीन मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा. भार वाढवायचा वेग दर मिनिटाला १४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आपल्या विटेचं तोंड १९० गुणिले ९०, म्हणजे १७,१०० चौरस मिलिमीटर, तेव्हा हा वेग होतो सेकंदाला साधारण ४ किलोन्यूटन. दीडशे किलोन्यूटनला फुटणारी वीट त्या हिशेबाने ३७-३८ सेकंद टिकली पाहिजे. हाताने दांडा मारायचं जुनं यंत्र असेल तर पहिल्या दहा विटांना सावकाश आणि दुपारी कंटाळल्यावर उरलेल्यांना भराभर, असं होतं. वेगाने भार दिला की आकडा वर जातो. मोबाइलवर घड्याळ लावून प्रत्येक वीट किती सेकंदांत फुटली ते लिहून ठेवलं तर हा दोष लगेच उघडा पडतो.

आता आकडे आले असं समजू. हिशेब दाखवण्यासाठी मी ते घेतोय, कुठल्या प्रयोगाचे नाहीत. ८ टक्के सिमेंटच्या पाच विटा १४२, १५०, १५८, १३६ आणि १६४ किलोन्यूटनला फुटल्या. सरासरी १५०, म्हणजे १७,१०० ने भागून ८.७७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. १० टक्के सिमेंटच्या पाच विटा १४६, १७१, १३९, १६० आणि १५४ ला फुटल्या. सरासरी १५४, म्हणजे ९.०१. अहवालात वाक्य येतं, 'सिमेंट दोन टक्क्यांनी वाढवल्यामुळे ताकद वाढली.' वाढली का? दोन सरासऱ्यांत फरक ४ किलोन्यूटनचा, आणि पहिल्या गटातल्याच सगळ्यात कच्च्या आणि सगळ्यात पक्क्या विटेत फरक २८ चा. या आकड्यांवरून एवढंच म्हणता येतं, की आपल्या हातातला चढउतार इतका मोठा आहे की दोन टक्के सिमेंटचा परिणाम त्यात दिसेनासा झाला. हा निष्कर्ष प्रामाणिक आहे आणि गुण कापण्याजोगा अजिबात नाही. सरासरीबरोबर पाचही आकडे छापले तर वाचणाऱ्याला हे स्वतःच दिसतं, नुसती सरासरी छापली तर झाकलं जातं.

आयएस १२८९४ मध्येही एकेका विटेसाठी अट आहे. सरासरी वर्गाइतकी हवी आणि एकही वीट त्या वर्गाच्या किमान सरासरीपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त खाली जाता कामा नये. ७.५ च्या वर्गात एखादी वीट ६ च्या खाली फुटली तर सरासरी कितीही चांगली असो, ते चालत नाही. मला ही अट सरासरीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. भिंतीत मुळात विटेच्या ताकदीचा थोडासाच भाग वापरला जातो. चांगल्या सिमेंटच्या मालात बांधलेल्या ७.५ वर्गाच्या विटेच्या भिंतीला आयएस १९०५ मूळ भार देते ०.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, म्हणजे दहावा हिस्सा. बैठ्या घराला १२ ची वीट मिळाली काय आणि ९ ची मिळाली काय, भिंतीला कळतही नाही. थप्पीतली दर दहावी वीट कच्ची निघाली तर मात्र कळतं.

कारखानदाराच्या बाजूने पाहिलं तर दोन टक्के सिमेंटचा अर्थ अगदी ठोस आहे. अडीच किलोच्या विटेत दोन टक्के म्हणजे ५० ग्रॅम, हजार विटांना ५० किलो, बरोबर एक गोणी. ती गोणी घालण्याआधी मिश्रणातलं पाणी, साच्यातलं वजन आणि गोणपाटाखालचे दिवस या तीन गोष्टी सुधारून काय हाती लागतं ते पाहणं स्वस्तात पडतं. विद्यार्थ्यांच्या तक्त्यातून कारखान्याला काही द्यायचं असेल तर ते हेच: गोणी वाचवण्याची किंमत पाणी मारण्याच्या दिवसांत किती. कच्च्या वयात, ओल्याच विटा गाडीत भरून पाठवल्या तर नुकसान फक्त ताकदीचं होत नाही. अशी वीट भिंतीत बसल्यावर सुकते, आकसते आणि प्लास्टरवर तडे दिसू लागतात.

म्हणून विटा घेताना कारखान्यावर भाव विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा: या थप्पीतल्या विटा कोणत्या तारखेला पाडल्या, आणि चाचणी अहवालातली वीट फोडली तेव्हा तिचं वय किती होतं. मग थप्पीच्या आतली एक वीट काढायला सांगा, बाहेरची नाही. तिचा कोपरा नखाने खरवडून भुकटी निघाली किंवा दोन विटा एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर तो माल आणखी दोन आठवडे ओल्या गोणपाटाखाली राहू द्या, आणि तोवर गाडी पाठवू नका.